फारसी कागदपत्रांतले तोमान आणि रियाल: इंग्रजीत रक्कम नेमकी कशी लिहायची?

अंजीर
नमस्कार मंडळी. मी फारसीतून इंग्रजीत भाषांतराची छोटी-मोठी कामं करते, बहुतेक पुण्यात शिकणाऱ्या इराणी मुलांची. आत्ता एका मुलाची फाइल आली आहे. त्याला इथलं संपवून पुढे कॅनडाला शिकायला जायचंय. खर्च वडील करणार, ते तेहरानमध्ये अभियंता आहेत. कागद तीन आहेत:

वडिलांनी हाताने लिहिलेलं हमीपत्र. त्यात मासिक उत्पन्न '४५ मिलियन तोमान' आणि बचत '१/२५ मिल्यार्द' असं लिहिलंय, बचतीपुढे एकक नाही.

पगाराची पावती, इराणी पंचांगातल्या फरवर्दीन १४०४ ची. त्यात एकूण रक्कम ४५०,०००,०००. आकड्यापुढे काही नाही.

बँकेचं शिल्लक प्रमाणपत्र. १२,५००,०००,००० रियाल, अक्षरीसुद्धा लिहिलंय.

तीन कागदांत तीन तऱ्हा. व्हिसा अधिकाऱ्याला इराणचं काही ठाऊक असेल असं धरून चालता येत नाही. त्याला ४५ आणि ४५० शेजारी दिसले तर तो काय समजेल? मी सगळं रियालमध्ये करून टाकू, की जसं आहे तसं ठेवू? आणि ते १/२५ म्हणजे काय वाचायचं? मला एक अर्थ लागतोय, पण दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून गेलेलं बरं.

करवंद
सोप्पं आहे गं. १ तोमान = १० रियाल. नोटा, बँक, सरकार सगळं रियाल. बाजार, माणसं, दुकानं सगळं तोमान. म्हणून कागदावर असेल तर तसंच ठेव, बोलण्यातलं असेल तर एक शून्य वाढव. सगळं रियालमध्ये कर आणि मोकळी हो. मी तेहरानला कंपनीच्या कामाने गेलो होतो तेव्हा हेच सूत्र वापरलं, एकदाही फसलो नाही.

मोदकप्रेमी
रियाल तर भलताच महाग असतो ना? माझा मेव्हणा मस्कतला आहे, एका रियालचे दोनशेच्या वर रुपये येतात. १२५० कोटी रियाल म्हणजे या माणसाने कॅनडा विकतच घ्यावा की!

अंजीर
@मोदकप्रेमी, तो ओमानचा रियाल. इराणचा वेगळा. नाव तेवढं सारखं. :)

वेबवाला
मोदकप्रेमींची गल्लत हसण्यावारी नेऊ नका, तिच्यात तुमच्या प्रश्नाचा एक तुकडा आहे. युनिकोडमध्ये `﷼` असं एक चिन्ह आहे. त्यात फक्त 'रियाल' हा शब्द जोडून लिहिलेला आहे, कुठल्या देशाचा ते त्यात नाही. इंग्रजी मजकुरात ते टाकलं की वाचणाऱ्याला इराण, ओमान, येमेन काहीही वाटू शकतं. चिन्ह टाळा, `IRR` हा कोड लिहा. रियालला आयएसओचा कोड आहे, तोमानला नाही. ऑनलाइन दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये तोमानसाठी `IRT` दिसतं, वूकॉमर्सच्या चलनयादीत `IRR` आणि `IRT` दोन्ही आहेत, पण ती आपली सोय म्हणून चाललेली प्रथा. बँकेच्या किंवा व्हिसाच्या कागदावर `IRT` लिहू नये.

जुना_मुक्काम
तेहरानमध्ये बरीच वर्षं काढली आहेत आणि तिथे पोटापाण्याला हेच काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी करवंद यांचं सूत्र. अर्धं बरोबर आहे. १ ला १० हे प्रमाण पक्कं, आणि नोटा-बँक रियाल, बाजार तोमान हेही खरं. चूक आहे ती 'कागद म्हणजे रियाल, बोलणं म्हणजे तोमान' या वाटणीत. अंजीरताईंच्या हातातल्या कागदातच तोमान आहे. घरभाड्याच्या करारात तर बहुतेक वेळा दोन्ही असतात: रक्कम रियालमध्ये, आणि पुढे 'म्हणजे इतके तोमान' असं अक्षरी. चेकवर मात्र रियालच.

आणि बोलण्यात एक शून्य वाढवून भागत नाही. इराणी माणूस बोलताना हजार किंवा मिलियन गिळून टाकतो. भाजीवाला 'पंजाह तोमन' म्हणाला तर ते पन्नास तोमान नाहीत, पन्नास हजार तोमान. पन्नास तोमानला आज काही मिळत नाही, म्हणून हजार म्हणायची त्याला गरजच वाटत नाही. तेच घरमालक 'पूनसद तोमन रह्न' म्हणाला तर अनामत पाचशे मिलियन तोमान. शब्द तोच, 'तोमन'. एकात हजार लपलेत, दुसऱ्यात मिलियन. करवंद यांचं एक शून्य लावलं तर ती अनामत ५,००० रियाल होईल, जी खरं तर ५,०००,०००,००० रियाल आहे. सहा शून्यांचा फरक.

आता ताईंचे तीन कागद.

पगाराच्या पावतीत आकड्यापुढे एकक नाही म्हणता, पण कोपरे बघा. वर किंवा तळाशी बारीक अक्षरात 'रकमा रियालमध्ये' अशा अर्थाची ओळ बहुधा सापडते. ती सापडली तर तिचंही भाषांतर करायचं, गाळायची नाही. नाही सापडली तरी ताडून पाहता येतं. १४०४ साली इराणमधलं किमान मूळ वेतन महिन्याला साधारण १ कोटी ४ लाख तोमान होतं. म्हणजे १० मिलियन तोमानच्या थोडं वर. पावतीतले ४५० मिलियन रियाल धरले तर ४५ मिलियन तोमान, किमान वेतनाच्या चौपटीहून जरा जास्त. अनुभवी अभियंत्याला हे शोभतं. तेच तोमान धरले तर किमान वेतनाच्या त्रेचाळीस पट होतात, आणि त्या माणसाने हमीपत्रात स्वतःच ४५ मिलियन लिहिलंय. तेव्हा पावती रियालमध्येच.

हमीपत्रातलं '१/२५' म्हणजे सव्वा. फारसीत दशांशासाठी तिरकी रेघ वापरतात. १/२५ मिल्यार्द म्हणजे १.२५ बिलियन. एकक लिहिलेलं नाही, पण आधीच्या वाक्यात तोमान आहे, आणि सव्वा बिलियन तोमान गुणिले दहा बरोबर साडेबारा बिलियन रियाल, हीच रक्कम बँकेच्या प्रमाणपत्रात आहे. जुळलं. नवखा भाषांतरकार ही रेघ इंग्रजीत जशीच्या तशी ठेवतो आणि वाचणाऱ्याला ते एक पंचविसांश वाटतं.

आणि हाताने लिहिलंय म्हणून एक खास आपल्यासाठी: फारसी पाचाचा आकडा घाईत लिहिला की आपल्या शून्यासारखा गोल दिसतो, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. देवनागरीची सवय असलेल्या डोळ्याला ४५ चे ४० दिसू शकतात. अक्षरी लिहिलं असेल तर आधी अक्षरी वाचा, मग आकडा.

अंजीर
मुक्कामकाका, मनापासून आभार. सव्वा हाच अर्थ मी लावला होता. पावतीच्या तळाशी ती ओळ खरंच आहे, स्कॅनमध्ये अर्धी कापली गेलीय. मुलाकडून पूर्ण पान मागवते.

पण मूळ प्रश्न उरलाच. हमीपत्रातले तोमान इंग्रजीत रियाल करू का?

करवंद
हो, कर. अधिकाऱ्यासमोर दोन एककं कशाला? तीन कागद, एकच एकक, तुलना सोपी. बोलण्याचा मुद्दा मला मान्य, पण इथे बोलणं नाहीये.

जुना_मुक्काम
मी नाही करणार. कारण साधं आहे. भाषांतरासोबत मूळ कागदाची प्रत जाते. उद्या कुणी फारसी वाचणाऱ्याला दाखवलं, तर मूळ कागदावर ४५ आणि भाषांतरात ४५०. तुमचा हिशोब बरोबर असूनही 'भाषांतरकाराने आकडा बदलला' असं दिसतं. मुळात जे एकक आहे तेच ठेवायचं, आणि लगेच पुढे चौकटी कंसात रियाल द्यायचे. चौकटी कंस अशासाठी की ही भर भाषांतरकाराची आहे हे कळावं. साधा कंस मूळ लेखकाचाही असू शकतो. मी असं लिहीन:

```
My monthly income is 45 million tomans [IRR 450,000,000] and my
savings are 1.25 billion [tomans; IRR 12,500,000,000].

[Translator's note: 1 toman = 10 Iranian rials (IRR).]
```

दुसऱ्या रकमेत 'tomans' सुद्धा कंसाच्या आत आहे बघा. पहिल्यात बापाने तो शब्द लिहिलाय, दुसऱ्यात नाही.

टीप कागदागणिक एकदाच, पहिल्या रकमेच्या पानावर तळाशी. प्रत्येक आकड्याला टीप लावत बसू नका. बँकेच्या प्रमाणपत्रात तोमान मुळातच नाही, तिथे टीपही नको. रियाल आहेत तसे ठेवा, अक्षरीसुद्धा पूर्ण उतरवा. पगाराच्या पावतीतही तेच.

शेवगा
मी बातम्यांची भाषांतरं करते, तिथे हे चालत नाही काका. इराणी अर्थसंकल्पाच्या बातमीत 'हेम्मत' नावाचं एकक येतं. हजार मिल्यार्द तोमान, त्याच शब्दांची आद्याक्षरं. म्हणजे एक हेम्मत = एक ट्रिलियन तोमान = दहा ट्रिलियन रियाल. '२०० हेम्मत' आलं की तोमानमध्ये दोनशे ट्रिलियन लिहिता येतं, रियालमध्ये दोन क्वाड्रिलियन. क्वाड्रिलियन वाचून कोणाच्या डोक्यात काय उजेड पडणार? शिवाय वाचकाला डॉलर हवे असतात. मी तोमान एकदा देते आणि लगेच डॉलर, रियाल गाळते.

जुना_मुक्काम
@शेवगा, बातमी आणि व्हिसाचा कागद यांचे नियम वेगळे असणारच. बातमीत वाचकाला अंदाज हवा, कागदात पुरावा. तुमचा 'हेम्मत' तोमानमध्येच ठेवलेला बरा, हे मलाही पटतं. फक्त त्याच बातमीत पुढे डॉलरचा भाव आला की सांभाळा. तो इंग्रजीत सहसा रियालमध्ये देतात आणि फारसीत तोमानमध्ये. २०१८ च्या एप्रिलमध्ये सरकारने डॉलरचा दर ठरवून दिला. इराणमध्ये त्याला 'चार हजार दोनशे तोमानी डॉलर' म्हणत आणि इंग्रजी बातम्यांत ४२,००० रियाल छापून यायचं. दोन्ही बरोबर. एकाच लेखात दोन्ही आले आणि एकक लिहिलं नाही, तर वाचकाला वाटतं भाव दहापट झाला.

कोरा_चहा
एक शंका. डॉलरमध्ये फिरवूनच टाकलं तर? कॅनडाचा अधिकारी शेवटी तेच करणार ना. मी गूगल केलं असतं आणि लिहिलं असतं.

जुना_मुक्काम
हे मात्र अजिबात करू नका. याच फाइलवर करून दाखवतो. शिल्लक साडेबारा बिलियन रियाल.

वरचा सरकारी ४२,००० चा दर लावला तर होतात सुमारे २,९७,६०० डॉलर. २०२३ पासून जीवनावश्यक मालाच्या आयातीसाठी २८५,००० रियालचा सवलतीचा दर होता, त्याने होतात साधारण ४३,९०० डॉलर. आणि खुल्या बाजारात २०२५ च्या मार्चमध्ये डॉलरने दहा लाख रियाल ओलांडले, त्या दराने होतात १२,५०० डॉलर. पैसा तोच, बँक तीच. उत्तरं तीन, आणि पहिलं शेवटच्याच्या जवळजवळ चोवीसपट.

गंमत म्हणजे चलन बदलून दाखवणाऱ्या कित्येक संकेतस्थळांवर वर्षानुवर्षं तो ४२,००० च्या आसपासचाच दर दिसायचा, बाजारात त्या भावाने सामान्य माणसाला डॉलर मिळत नसताना. म्हणजे तुम्ही गूगल करून तीन लाख डॉलर लिहिले असते, आणि खरा भाव माहीत असलेल्या अधिकाऱ्याने मुलाच्या बापाला खोटारडा ठरवलं असतं.

बँकेने प्रमाणपत्रात स्वतःच युरो किंवा डॉलरमधला आकडा, दर आणि तारीख दिली असेल, तर ते बँकेचं म्हणणं म्हणून जसंच्या तसं उतरवा. आपण होऊन हिशोब करायचा नाही. ग्राहकाने हट्टच धरला तर वेगळ्या पानावर, कुठला दर, कुठल्या तारखेचा, कुठून घेतला हे लिहून. दर घेतानासुद्धा एकक बघा. बोनबास्ट आणि टीजीजेयू ही दोन्ही भाव दाखवणारी संकेतस्थळं, पण बोनबास्टवर भाव तोमानमध्ये असतात, टीजीजेयूवर रियालमध्ये. एकावरून दुसऱ्यावर उडी मारली की पुन्हा तेच शून्य.

शेवगा
बातमीत मला डॉलर द्यावेच लागतात, संपादक सोडत नाही. मी 'खुल्या बाजारातल्या दराने' एवढं लिहिते.

जुना_मुक्काम
तारीखही लिहा. त्यांचा भाव महिनाभर एका जागी राहत नाही.

इतिहासवेडा
विषयाला थोडा फाटा फोडतो, पण जुनी कागदपत्रं भाषांतरित करणाऱ्याला लागेल. १८२८ च्या तुर्कमेनचाय तहात इराणने रशियाला दहा 'कुरूर' तोमान दंड द्यायचं ठरलं. आपला मराठी माणूस हे वाचून दहा कोटी लिहून मोकळा होतो. इराणचा कुरूर म्हणजे पाच लाख. म्हणजे दंड पन्नास लाख तोमान, तहात तेच दोन कोटी चांदीचे रूबल असं दिलंय. तेव्हाचा तोमान म्हणजे दहा किरान. १९३२ मध्ये किरानच्या जागी रियाल आला, म्हणून दहास एक हे प्रमाण टिकलं. पण १८२८ च्या रकमेपुढे कंसात रियाल लिहू नका, तेव्हा ते चलन म्हणून नव्हतंच.

करवंद
वा, हे नवीन कळलं. बाकी कोटीवरून आठवलं, आपल्याकडचे लोक इंग्रजीत लाख-कोटी लिहितात त्याचं काय? 125 crore tomans लिहिलं तर कॅनडात कोण वाचणार.

अंजीर
ते मी टाळतेच. स्वल्पविरामही तीन-तीन आकड्यांनीच देते. आपल्या पद्धतीने 12,50,00,00,000 लिहिलं तर तिकडच्या माणसाला आकडा चुकून तुटल्यासारखा वाटतो. विंडोजमध्ये प्रदेश म्हणून भारत निवडलेला असला की एक्सेलमधून आणलेल्या तक्त्यात हे आपोआप होतं, म्हणून शेवटी एकदा नुसते स्वल्पविराम तपासते.

कोरा_चहा
पण इराण चार शून्यं काढणार होतं ना? म्हणजे हे सगळं लवकरच रद्दी?

जुना_मुक्काम
रद्दी नाही, उलट गुंता वाढेल. २०२० मध्ये इराणच्या संसदेने, मजलिसने, मंजूर केलं ते असं की चार शून्यं काढायची आणि नव्या चलनाचं नाव तोमान. तो नवा तोमान १०,००० रियालचा, लोकांच्या तोंडातला १० रियालचा. ते मार्गी लागलं नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा मंजुरी दिली, यावेळी शून्यं चारच पण नाव रियालच ठेवायचं, आणि त्याचे शंभर किरान. तयारीला दोन वर्षं, मग तीन वर्षं जुनं-नवं दोन्ही चालू. त्या काळातल्या कागदावर नुसतं 'रियाल' लिहिलेलं असेल तर कुठला, जुना की नवा, हे तारखेवरून आणि नोटेवरून ओळखावं लागेल. नोटांवर तर सवय आधीच लावत आहेत. दहा लाख रियालच्या नव्या नोटेवर १०० ठळक आणि पुढची चार शून्यं फिकी छापलेली आहेत.

वेबवाला
तेव्हा कोडही बदलेल का? `IRR` च राहिला तर आमची हालत वाईट. डेटाबेसमध्ये एकाच कोडखाली दोन किमती.

जुना_मुक्काम
ते मला नाही सांगता येणार. तुम्ही आत्तापासून रकमेशेजारी तारीख साठवत असाल तर निभावेल.

अंजीर
हमीपत्र काकांच्या नमुन्याप्रमाणे लिहून काढलं. पावतीचं पूर्ण पानही आलं, तळाशी रियालची ओळ स्पष्ट आहे.

आता आणखी एक. मुलाने वडिलांचा एक आवाजी संदेशही पाठवलाय, घरभाड्याचं उत्पन्न किती ते सांगणारा. त्याचंही शब्दांकन आणि भाषांतर हवंय, वकिलाने मागितलंय म्हणे. वडील म्हणतात, 'खालच्या मजल्याचे दोनशे तोमन पेशगी आणि महिन्याला पुन्झ्दह तोमन येतात.' पेशगी दोनशे मिलियन, भाडं पंधरा मिलियन, असंच ना?

करवंद
मी माघार घेतो. वरच्या सूत्राने मी दोन हजार रियाल पेशगी लिहिली असती.

जुना_मुक्काम
अर्थ तोच दिसतो. पण शब्दांकनात ऐकू येतं तेवढंच लिहा, 'दोनशे तोमन', 'पंधरा तोमन'. भाषांतरात चौकटी कंसात मिलियन घाला, आणि टीप द्या की बोलीत मिलियन अध्याहृत असतं. भाड्याचा करार असेल तर तो मागवा, त्यात रियालमध्ये आणि अक्षरी असणार.

```
200 [million] tomans as a deposit, and 15 [million] tomans a month
[IRR 2,000,000,000 and IRR 150,000,000]
```

शेवगा
करार नसेल तर? बरीच घरं ओळखीत दिलेली असतात.

जुना_मुक्काम
मग बापालाच विचारायला सांगा, आणि उत्तर लेखी घ्या. मिलियन हा आपला अंदाज म्हणून वकिलाच्या कागदात जाऊ देऊ नका.

अंजीर
विचारलंय. तेहरानला आत्ता नेट धड नाहीये म्हणतो, रात्री कळवेल. वकील मात्र आजच मागतोय. टिपेत 'वक्त्याकडून पुष्टी बाकी' असं लिहून पाठवलं तर चालेल का?

शेवगा
मी पाठवते तसं.

जुना_मुक्काम
मी थांबलो असतो. पण वकिलाला आधी विचारा, त्याला मसुदा म्हणून चालत असेल तर हरकत नाही. प्रत्येक पानावर 'मसुदा' मात्र लिहा.